दुकानाचा विमा: माल किती, आकडा किती?

(व्यापारी संघाच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांकडे दुकानाची पॉलिसी आहे. कुणी स्वतःहून घेतली असेल, कुणाला कॅश क्रेडिटच्या वेळी बँकेनं घ्यायला लावली असेल. दरवर्षी हप्ता भरला जातो आणि कागद फाईलमध्ये जातो. त्या कागदावर ‘विमा रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो कुठून आला, एवढंच मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. दुकानांच्या नुकसानीचे क्लेम मी बरीच वर्षं हाताळतो. भरपाई कमी मिळाली म्हणून हळहळणाऱ्या दुकानदारांच्या बाबतीत मूळ दुखणं बहुतेक वेळा त्या आकड्यातच सापडतं.

आधी आपल्या पॉलिसीचं नाव बघा. दुकान, माल, फर्निचर असं सगळं मिळून एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना एकाच साच्याची पॉलिसी द्यावी लागते. तिचं नाव ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. आपल्या बाजारातली जवळपास सगळी दुकानं यात बसतात. आपण तिला आगीचा विमा म्हणतो, पण तिच्यात वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल हेही येतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तशा नुकसानीलाही हीच पॉलिसी उत्तर देते. आग लागल्यावर धावपळीत कुणी माल पळवला, तर घटनेपासून ७ दिवसांच्या आतली ती चोरीसुद्धा यात धरली जाते. मात्र एरवी रात्री शटर फोडून झालेली चोरी यात नाही. त्यासाठी घरफोडीचं, म्हणजे बर्गलरीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. कंपन्या दोन्ही एकत्र बांधून ‘दुकानदार पॅकेज’ विकतात, तरी आत दोन भाग निराळेच असतात आणि दोन्हींचा हिशेब निराळा चालतो.

ताळेबंदातला आकडा का चालत नाही

एक कापडाचं दुकान घेऊ. साड्या आणि तयार कपडे, खाली गाळा, वर पोटमाळा. ३१ मार्चच्या ताळेबंदात शिल्लक माल २० लाखांचा. पॉलिसी काढताना एजंटनं विचारलं, ‘शेठ, माल किती धरू?’ शेठनी ताळेबंद पुढे केला आणि पॉलिसीत माल २० लाख लागला.

आता ऑक्टोबर उजाडतो. दिवाळी तोंडावर, पाठोपाठ लग्नसराई. सुरतेहून, इचलकरंजीहून गठ्ठे येऊन पडलेत आणि खरेदी किमतीनं दुकानात ४० लाखांचा माल आहे. पोटमाळ्यावर शॉर्ट सर्किट होतं, अग्निशमन दल वेळेवर पोहोचतं, आग वरच्या वर विझते. जळून आणि भिजून मिळून १० लाखांचा माल जातो. शेठना वाटतं, विमा २० लाखांचा आहे, नुकसान १० लाखांचं आहे, म्हणजे पूर्ण पैसे मिळतील. मिळतात ५ लाख.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या. विमा कंपनीच्या दृष्टीनं ४० लाखांच्या मालापैकी निम्म्याच मालाचा हप्ता तुम्ही भरलात. उरलेल्या निम्म्याची विमा कंपनी तुम्ही स्वतः. म्हणून नुकसानही निम्मं-निम्मं वाटलं जातं. याला ‘ॲव्हरेज’ची अट म्हणतात आणि ती अगदी लहान नुकसानीलाही लागते. फक्त २ लाखांचा माल भिजला असता, तरी १ लाखच मिळाले असते. ‘सगळं दुकान थोडंच जळणार आहे’ असं म्हणून कमी रकमेचा विमा घेणाऱ्यांची इथेच फसगत होते.

सूक्ष्म उद्यम पॉलिसीत एक सवलत आहे. विमा रक्कम प्रत्यक्ष किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल, तर ती तूट मोजत नाहीत. याच शेठनी ३५ लाख लावले असते, तर तूट साडेबारा टक्के झाली असती आणि १० लाखांचं नुकसान तेवढंच्या तेवढं मान्य झालं असतं. पॉलिसीत लिहिलेला एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचा वाटा, तेवढा वजा झाला असता. ३० लाख लावले असते, तर तूट २५ टक्के होते, सवलतीच्या बाहेर जाते आणि साडेसात लाखांवर बोळवण होते. त्या १५ टक्क्यांच्या भरवशावर आकडा मुद्दाम कमी ठेवू नका. हंगामात भाव चढले की ती जागा आपोआप भरून जाते.

आपला आकडा असा काढा

मालासाठी गेल्या २ वर्षांतला सगळ्यात भरलेला महिना शोधा. कपड्यांना तो दिवाळीआधीचा असेल, छत्री-रेनकोटवाल्यांना मेअखेरचा, वह्या-पुस्तकांना शाळा उघडण्यापूर्वीचा. त्या महिन्याचा माल काढायची रीत हीच, जी आगीनंतर सर्व्हेअर वापरतो. वर्षाच्या सुरुवातीचा माल अधिक त्या दिवसापर्यंतची खरेदी, त्यातून विकलेल्या मालाची खरेदी किंमत वजा.

आपल्या त्याच कापडाच्या दुकानाचं बघा. १ एप्रिलला २० लाखांचा माल. ऑक्टोबरपर्यंत खरेदी ६२ लाख. विक्री ५६ लाख, तिच्यात ढोबळ नफा २५ टक्के. म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत ४२ लाख. २० आणि ६२ मिळून ८२, त्यातून ४२ गेले, उरले ४०. हा आकडा तुमच्या मुनीमजींना अर्ध्या तासात काढता येईल. त्यावर यंदाची वाढ धरून थोडी जागा ठेवा आणि ४४-४५ लाख लावा.

किंमत खरेदीचीच धरायची. एमआरपी लावून रक्कम फुगवली, तर फक्त हप्ता जास्त जातो. न विकलेल्या मालावरचा नफा या पॉलिसीत मिळत नाही. पण वाहतूक, हमाली असा माल दुकानात येईपर्यंतचा खर्च धरायचा. उधारीवर आणलेला, अजून पैसे न दिलेला मालही धरायचा. तो जळाला तरी व्यापाऱ्याचं देणं तुमच्याच डोक्यावर राहतं.

जीएसटीचा मुद्दा पुष्कळजण विसरतात. माल जळाला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये हे स्पष्ट आहे. १८ टक्क्यांचा माल विकणाऱ्या इलेक्ट्रिकलवाल्याचा १० लाखांचा माल जळाला, तर त्याच्या खिशातून जातात ११ लाख ८० हजार. विमा रक्कम जीएसटीशिवाय काढलेली असेल, तर हे वरचे १ लाख ८० हजार मिळवताना वाद होतो. म्हणून रक्कम जीएसटीसह लावा आणि ‘विमा रक्कम जीएसटीसह’ हे शब्द पॉलिसीवर छापून घ्या. एजंटनं तोंडी ‘हो’ म्हटलं म्हणून समाधान मानू नका.

वर्षभर ४५ लाखांचा हप्ता जड वाटत असेल, तर दुसरी वाट आहे. एरवी २५ लाख ठेवा आणि माल भरण्याआधी कंपनीकडून एंडोर्समेंट घेऊन रक्कम वाढवा. वाढीव रकमेचा हप्ता उरलेल्या मुदतीपुरताच लागतो. मोठा साठा असणाऱ्यांनी डिक्लेरेशन पद्धतीबद्दल विचारावं. तिच्यात दरमहा साठा कळवायचा आणि वर्षअखेरीला हप्त्याचा हिशेब होतो. पण दरमहा कळवायची शिस्त आपल्याकडे नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

फर्निचर आणि फिटिंगचा आकडा

इथे चूक निराळ्या वाटेनं होते. आठ वर्षांपूर्वी दुकान सजवायला ६ लाख लागले. घसारा जाऊन वह्यांत आज २ लाख उरलेत, म्हणून पॉलिसीत २ लाख. पण या पॉलिसीत फर्निचर-फिटिंगची किंमत आज तसंच नवं बसवायला काय लागेल, यावर धरतात. सुतार, काच, सिलिंग, लाइट, एसी, वायरिंग, कॅमेरे, बिलिंगचा संगणक, शटर हे सगळं आजच्या दरानं नव्यानं करायला १० लाख लागणार असतील, तर १० लाखच लावायचे. वह्यांतल्या २ लाखांचा इथे काही उपयोग नाही. मात्र हे नव्या किमतीचे पैसे वस्तू खरोखर पुन्हा बसवल्यावर मिळतात. दुकान परत उभंच केलं नाही, तर घसारा वजा होतो.

माल आणि फिटिंग यांचे आकडे पॉलिसीत वेगळे लिहिलेले असतात आणि तूटही वेगवेगळी मोजतात. मालात जास्त लावलंय म्हणून फिटिंगची कमतरता त्यातून भरून निघत नाही.

आपल्या बाजारात बरेच गाळे पागडीचे किंवा भाड्याचे आहेत. इमारत मालकाची असली, तरी पोटमाळा, फरशी, शटर, सिलिंग तुम्ही स्वतःच्या खर्चानं केलेलं असतं. या कामांची यादी करून ती ‘भाडेकरूनं केलेली कामं’ म्हणून फिटिंगमध्ये नाव घेऊन लिहा. नाहीतर उद्या मालक म्हणेल हे माझं, कंपनी म्हणेल हे इमारतीचं, आणि पैसे कुणालाच मिळणार नाहीत.

पत्त्याची ओळही वाचून बघा. मागच्या गल्लीतलं गोडाऊन, शेजारच्या इमारतीचं तळघर, घरातली एक खोली, जिथे जिथे माल राहतो ती प्रत्येक जागा पॉलिसीत हवी. माल इकडून तिकडे फिरत असेल, तर सगळ्या पत्त्यांवर मिळून एक रक्कम, म्हणजे फ्लोटर मागा. दुरुस्तीला किंवा विक्रीसाठी आलेला दुसऱ्याचा माल दुकानात असेल, तर तोही स्पष्ट लिहावा लागतो. कमिशनवर माल ठेवणाऱ्यांनी हे आजच तपासावं.

घरफोडीचा हिशेब निराळा

२६ मार्च २०२१ च्या रात्री पुण्याच्या कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला आग लागली आणि एका रात्रीत शेकडो दुकानं गेली. आग सगळं खाऊ शकते, म्हणून आगीचा विमा पूर्ण किमतीचाच लागतो. चोर मात्र नेता येईल तेवढंच नेतो. चाळीस लाखांच्या साड्या एका रात्रीत टेम्पोत भरून नेणं सोपं नाही. म्हणून घरफोडीत ‘फर्स्ट लॉस’ नावाची सोय आहे. एकूण माल ४० लाख आहे हे खरं सांगायचं आणि त्याचे २५ टक्के, म्हणजे १० लाखांपर्यंत संरक्षण घ्यायचं. हप्ता बराच कमी होतो. अट एवढीच की एकूण किंमत खरी हवी. ४० लाखांच्या जागी २० लाख सांगितले, तर इथेही तीच निम्मी कपात होते.

मोबाइल, घड्याळं, कॅमेरे, महागडी सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांनी मात्र २५ टक्क्यांवर थांबू नये. त्यांचा निम्मा माल दोन पोत्यांत बसतो. आपल्या दुकानातून दोन माणसं दोन तासांत किती किमतीचा माल नेऊ शकतील, हे स्वतःच शेल्फसमोर उभं राहून मोजा. तोच तुमचा घरफोडीचा आकडा.

आता कशाची भरपाई मिळत नाही ते सांगतो, कारण नकार सगळ्यात जास्त इथेच येतात. घरफोडीच्या पॉलिसीत जबरदस्तीनं आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण लागते. तुटलेलं कुलूप, वाकवलेलं शटर, कापलेली जाळी, उचकटलेली कौलं. दिवसा गिऱ्हाइकानं उचललेला माल, नोकरानं हळूहळू नेलेला माल, मोजणीत कमी भरलेला माल यात येत नाही. बनावट किंवा चोरलेल्या किल्लीनं कुलूप उघडलं असेल, तरी नकार येतो. मारहाण करून किंवा धमकावून किल्ली घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. नोकरांच्या अफरातफरीसाठी ‘फिडेलिटी गॅरंटी’ आणि रोकड बँकेत नेताना लुटली गेली तर ‘मनी इन्शुरन्स’ अशी स्वतंत्र संरक्षणं आहेत. दुकान बंद झाल्यावर गल्ल्यात राहिलेली रोकड बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. ती कुलूपबंद तिजोरीत हवी आणि तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच.

आणखी दोन गोष्टी बारकाईनं बघा. दुकानाबाहेर ओट्यावर किंवा जिन्याखाली ठेवलेले गठ्ठे ‘दुकानाच्या आत’ धरले जात नाहीत. रात्री ते आत घ्याच. दुसरं, दुकान सलग ७ दिवस-रात्र बंद राहिलं, तर बऱ्याच घरफोडी पॉलिसींचं संरक्षण थांबतं. मे महिन्यात गावी जाताना किंवा यात्रेला निघताना कंपनीला आधी लेखी कळवून तिची संमती घ्या.

क्लेम सिद्ध करायचे कागद

आकडा बरोबर असला, तरी तो सिद्ध करावा लागतो. सर्व्हेअर तीन कागद शेजारी ठेवून वाचतो: तुमची खरेदी-विक्री, जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. मर्यादा वाढावी म्हणून बँकेला ४५ लाखांचा साठा दाखवला आणि वह्यांत २८ लाख निघाले, तर नुकसान २८ लाखांवर मोजलं जातं आणि वर संशयही येतो. तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा.

टॅलीचा बॅकअप दुकानाबाहेर ठेवा. हिशेबाचा संगणक मालाबरोबरच जळाला, तर ४० लाख होते हे दाखवायचं कशावर? आठवड्याला एकदा डेटा घरच्या संगणकावर किंवा सीएच्या ऑफिसात गेला तरी पुरतं. दर महिन्याला मोबाइलवर दुकानाचा एक सलग व्हिडिओ काढा. शेल्फ, पोटमाळा, काउंटर, मीटरची जागा सगळं त्यात येऊ द्या.

विमा बँकेनं काढलेला असेल, तर त्याची प्रत मागून घ्या. ती रक्कम बऱ्याचदा कर्जाएवढीच असते. कर्ज १५ लाख, म्हणून माल १५ लाख, आणि फिटिंगचं नावच नाही. असं असेल, तर बँकेला लेखी सांगून रक्कम वाढवून घ्या. अशा पॉलिसीत भरपाई आधी बँकेच्या हातात जाते, हेही लक्षात ठेवा.

नुकसान झालंच, तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या, चोरी असेल तर एफआयआर नोंदवा आणि पंचनामा होईपर्यंत तुटलेल्या कुलपाला हात लावू नका. जळका-भिजका माल फेकून देऊ नका, कोरडा माल वेगळा काढा आणि बाकीचा सर्व्हेअरनं बघेपर्यंत तसाच ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून जे करावं लागेल ते करा, पण आधी फोटो काढा. शॉर्ट सर्किटनं आग पसरून जळलेला माल भरपाईत येतो. ज्या उपकरणात किंवा वायरीत सर्किट झालं, ते स्वतः मात्र येत नाही. त्यामुळे क्लेममध्ये ते वेगळं दाखवा.

मंडळी, दसऱ्याला माल भरायला अजून वेळ आहे. त्याआधी मुनीमजींना बसवून दोन आकडे काढा: भरलेल्या महिन्यातला जीएसटीसह खरेदी किमतीचा माल, आणि आजच्या दरानं नवं फिटिंग. मग पॉलिसी काढून ते दोन आकडे, पत्ते आणि घरफोडीची टक्केवारी ताडून बघा. फरक निघाला, तर पहिला गठ्ठा दुकानात उतरण्याच्या आधी एजंटला एंडोर्समेंटचा अर्ज द्या. वाढीव रकमेचा हप्ता भरून एंडोर्समेंट हातात आल्याशिवाय नव्या मालाला संरक्षण लागू होत नाही.